साधनेच्या शेवटी पुण्यानुमोदन: शब्द, क्रम आणि कुणाला काय मिळते

प्रश्न: रोज सकाळी त्रिशरण, पंचशील आणि वंदना म्हणून वीस-पंचवीस मिनिटे आनापान करतो. उठताना पुण्यानुमोदन करायचे असते एवढेच माहीत आहे. नेमके शब्द काय? वडील मागच्या वर्षी गेले. त्यांच्या नावाने केले तर त्यांना पोहोचते का? सगळे वाटून टाकल्यावर माझ्याकडे काय उरते? आणि ज्या दिवशी मन जागेवर नव्हतेच, त्या दिवशी वाटायचे तरी काय?

उत्तर:

आधी शब्द देतो, म्हणजे उद्या सकाळपासूनच तुम्हाला म्हणता येतील. थेरवाद परंपरेत घरच्या साधनेच्या शेवटी तीन गोष्टी म्हटल्या की पुरे होते. त्या मी देतो त्याच क्रमाने म्हणा.

पहिली ओळ दिवंगत आप्तांसाठी. ती तीन वेळा म्हणतात:

इदं मे ञातीनं होतु, सुखिता होन्तु ञातयो ।

म्हणजे, हे माझे पुण्य माझ्या आप्तांचे होवो, माझे आप्त सुखी होवोत.

दुसरी गाथा आप्तांच्या पलीकडे जाते:

एत्तावता च अम्हेहि, सम्भतं पुञ्ञसम्पदं ।
सब्बे देवा अनुमोदन्तु, सब्बसम्पत्तिसिद्धिया ॥

इथवर आम्ही जी पुण्यसंपदा जमवली तिचे सर्व देव अनुमोदन करोत, सर्व संपदा सिद्ध होवोत, असा तिचा अर्थ. हीच गाथा दुसऱ्यांदा म्हणताना 'देवा'च्या जागी 'भूता' येते आणि तिसऱ्यांदा 'सत्ता', म्हणजे सर्व प्राणिमात्र. बाकी शब्द तेच राहतात.

तिसरी ओळ आपल्या स्वतःच्या वाटचालीसाठी:

इदं मे पुञ्ञं आसवक्खयावहं होतु ।
इदं मे पुञ्ञं निब्बानस्स पच्चयो होतु ।

हे माझे पुण्य आस्रवांचा क्षय घडवणारे होवो, हे माझे पुण्य निब्बाणाला कारण होवो. आस्रव म्हणजे आत मुरलेली कामना, भवतृष्णा, अविद्या. यानंतर तीनदा 'साधु' म्हणायचे आणि मग उठायचे. सावकाश म्हटले तरी सगळे मिळून दोन-तीन मिनिटांत होते.

'आकासट्ठा च भुम्मट्ठा, देवा नागा महिद्धिका. पुञ्ञं तं अनुमोदित्वा, चिरं रक्खन्तु सासनं' ही गाथा तुम्ही ऐकली असेल. आकाशात आणि भूमीवर राहणाऱ्या महासामर्थ्यवान देव-नागांनी या पुण्याचे अनुमोदन करून बुद्धशासनाचे, म्हणजे बुद्धांच्या शिकवणीचे, चिरकाल रक्षण करावे, असे ती सांगते. सामूहिक वंदनेत ती आवर्जून म्हणतात. घरी म्हणायची असेल तर दुसऱ्या गाथेच्या आधी घ्या. नाही म्हटली तरी काही अडत नाही.

आता वडिलांविषयी. तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे असे मला वाटते, म्हणून त्याला जास्त वेळ देतो.

'इदं मे ञातीनं होतु' ही ओळ जिथून आली ते तिरोकुड्ड सुत्त खुद्दकपाठात आहे आणि पेतवत्थूतही आहे. त्यामागची कथा अट्ठकथेत, म्हणजे सुत्तांवरच्या जुन्या पाली भाष्यात, येते आणि ती राजा बिंबिसाराची आहे. बिंबिसाराने भगवान बुद्धांना आणि भिक्खुसंघाला भोजनदान दिले. त्याचे पूर्वजन्मीचे आप्त प्रेतयोनीत होते. राजा आज दान देईल, आपल्याला उद्देशून देईल, या आशेने ते राजवाड्याभोवती येऊन थांबले होते. पण राजाच्या मनात त्या वेळी एकच विचार घोळत होता, की भगवंतांनी राहावे कुठे, त्यांच्यासाठी कोणती जागा योग्य होईल. दान उत्तम झाले, श्रद्धा उत्तम होती, पण कुणाला उद्देशून म्हणून त्याने काही केले नाही. त्या रात्री निराश झालेल्या त्या आप्तांनी वाड्यात भयंकर आक्रोश केला. सकाळी घाबरलेल्या राजाने भगवंतांना विचारले तेव्हा त्याला सगळा उलगडा झाला. त्याने पुन्हा दानाचे निमंत्रण दिले. दक्षिणोदक, म्हणजे दानाचे पाणी, देताना तो म्हणाला, 'इदं मे ञातीनं होतु', आणि कथेप्रमाणे त्या आप्तांसाठी कमळांनी भरलेल्या पुष्करिणी प्रकटल्या. यागू आणि भोजन दिले तेव्हा त्यांना दिव्य अन्न मिळाले. वस्त्रे आणि शयनासने दिली तेव्हा दिव्य वस्त्रे आणि निवास मिळाले.

कथेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे पहिला दिवस. त्या दिवशी दानात काहीही कमी नव्हते, कमी होता तो फक्त उद्देश. आपोआप काही होत नाही, मन त्या व्यक्तीकडे वळवावे लागते. म्हणून तुमच्या सकाळच्या साधनेतही शेवटची दोन मिनिटे गडबडीत उरकायची नसतात.

पोहोचते का, याचे उत्तर आता नीट देता येईल. अट्ठकथा तीन अटी सांगते. देणाऱ्याने उद्देशून द्यावे, ज्यांच्यासाठी दिले त्यांनी त्याचे अनुमोदन करावे, म्हणजे ते पाहून त्यांचे मन प्रसन्न व्हावे, आणि दान घेणारा सुपात्र असावा. या तिन्हींत मधली अट नीट ध्यानात घ्या. पुण्य एखाद्या गाठोड्यासारखे इकडून उचलून तिकडे ठेवले जात नाही. तिकडच्याने आनंद मानला, त्याच्या चित्तात कुशल उपजले, की ते त्याचे स्वतःचे कुशल कर्म झाले आणि फळ येते ते त्याचे. आपण फक्त त्याला आनंद मानायला निमित्त दिले. म्हणूनच या विधीला दान आणि अनुमोदन अशा दोन बाजू आहेत, आणि अट्ठकथांमधल्या दहा पुण्यक्रियांच्या यादीत या दोन्ही वेगवेगळ्या मोजल्या आहेत. पुण्यात दुसऱ्याला सहभागी करून घेणे ही एक, आणि दुसऱ्याच्या पुण्याने आनंदित होणे ही दुसरी.

यावरून पुढचा प्रश्न सरळ उभा राहतो. अनुमोदन करण्याच्या स्थितीत नसेल त्याचे काय? अंगुत्तर निकायाच्या दसक निपातात जाणुस्सोणि ब्राह्मणाने बुद्धांना नेमके हेच विचारले आहे. आम्ही दिवंगत आप्तांसाठी दान देतो, श्राद्ध करतो, ते त्यांना मिळते का? बुद्धांनी सांगितले, योग्य स्थानी असतील तर मिळते, नाहीतर नाही. नरकात, पशुयोनीत, मनुष्यलोकात किंवा देवलोकात जे जन्मले त्यांचे तिथले आहार वेगळे, ते त्यावर जगतात. प्रेतलोकात जन्मलेल्याला मात्र आप्तांनी इथून दिलेल्याचा उपयोग होतो. ब्राह्मणाने आणखी विचारले, तो आप्त तिथे नसेलच तर? मग तिथे असलेल्या दुसऱ्या आप्तांना मिळेल. तेही नसतील तर? इतक्या दीर्घ काळात ते स्थान आपल्या आप्तांनी पूर्ण रिकामे असणे शक्य नाही, आणि शिवाय देणाराही फळाविना राहत नाही, असे बुद्धांचे उत्तर आहे.

तुमचे वडील आज कुठे आहेत ते तुम्हाला किंवा मला कळणार नाही. ते चांगल्या गतीला गेले असतील तर त्यांना तुमच्या पुण्याची गरज नाही, आणि ही आनंदाचीच गोष्ट आहे. तरीही तुमच्या उद्देशाला कुणी ना कुणी धनी आहे. म्हणून ओळीत 'ञातीनं' हे अनेकवचन आहे, आणि ते तसेच ठेवावे हे उत्तम. अनेक जण पित्यासाठी, आजीसाठी वेगळी पाली ओळ स्वतः रचू पाहतात आणि विभक्ती चुकवून बसतात. त्याची गरज नाही. वडिलांचे नाव आधी मराठीत घ्या आणि मग ठरलेली ओळ म्हणा. आईवडील दोघेही गेलेल्यांसाठी थायलंडमध्ये रूढ असलेली ओळ आहे: 'इदं मे मातापितूनं होतु, सुखिता होन्तु मातापितरो.' त्याच मालिकेत पुढे आप्त, गुरुजन, देव, प्रेत, वैरी आणि शेवटी सर्व प्राणी येतात. वैऱ्यांसाठीची ओळ 'इदं सब्बवेरीनं होतु, सुखिता होन्तु सब्बे वेरी' अशी आहे. ज्याच्याशी सध्या तुमचे बिनसलेले आहे त्याचा चेहरा समोर आणून ही ओळ म्हणून पाहा. तोंडाने म्हणणे सोपे जाते, पण 'सुखिता'वर आवाज अडखळतो का, तिकडे लक्ष द्या.

एक गोष्ट मला मोकळेपणाने सांगितली पाहिजे, कारण पुष्कळदा ती कुणी सांगत नाही. तिरोकुड्ड सुत्तात आणि जाणुस्सोणिच्या संवादात बोलणे चालले आहे ते दानाविषयी: अन्न, पाणी, वस्त्र, आणि तेही सुपात्राला दिलेले. वंदना म्हणून किंवा ध्यान करून जमलेले पुण्य दिवंगतांना उद्देशणे ही प्रथा दहा पुण्यक्रियांच्या आधारावर पुढे रुळली. ती चुकीची नाही, कारण अनुमोदन कोणत्याही कुशल कर्माचे करता येते. पण वडिलांसाठी मनापासून काही करावे असे वाटत असेल तर रोजच्या ओळीला अधूनमधून दानाची जोड द्या. त्यांच्या स्मृतिदिनी भिक्खूंना भोजन द्या. ते जमण्यासारखे नसेल तर एखाद्या गरजूला त्यांच्या नावाने जेवण, औषध किंवा पुस्तके द्या आणि देतानाच मनात ती ओळ म्हणा. श्रीलंका आणि थायलंडमध्ये भिक्खूंना दान दिल्यावर पाणी ओतायची पद्धत आहे. भिक्खू तेव्हा याच सुत्तातल्या गाथा म्हणतात:

यथा वारिवहा पूरा, परिपूरेन्ति सागरं ।
एवमेव इतो दिन्नं, पेतानं उपकप्पति ॥

भरून वाहणाऱ्या नद्या जसा सागर भरतात, तसे इथून दिलेले दिवंगतांना उपयोगी पडते. थायलंडमध्ये ज्येष्ठ भिक्खूने 'यथा' हा पहिला शब्द उच्चारला की दाता लहान भांड्यातून पाण्याची अखंड धार धरतो, आणि बाकीचे भिक्खू एकसुरात 'सब्बीतियो' म्हणू लागले की ती थांबवतो. मग ते पाणी झाडाच्या मुळाशी घालतात. पाणी हे उद्देशाला धरून ठेवायचे साधन आहे. घरच्या रोजच्या साधनेत त्याची आवश्यकता नाही.

त्याच सुत्तात आणखी एक गाथा आहे, आणि वडील गेल्यावर पहिले वर्ष काढणाऱ्या माणसाला मी ती नेहमी वाचायला सांगतो. 'अदासि मे अकासि मे, ञातिमित्ता सखा च मे' अशी ती सुरू होते. त्यांनी मला दिले, त्यांनी माझ्यासाठी केले, ते माझे आप्त होते, मित्र होते, सखे होते, असे पूर्वी केलेले आठवून दिवंगतांसाठी दान द्यावे. पुढची गाथा सांगते की रडणे, शोक किंवा विलाप यांनी दिवंगतांचे काहीही भले होत नाही. दुःख करू नका असे कुणी कुणाला आज्ञा देऊन होत नसते, पण या गाथेत करायला एक ठोस काम दिले आहे. 'इदं मे ञातीनं होतु' म्हणण्याआधी वडिलांनी तुमच्यासाठी केलेली एक गोष्ट आठवा. मोठी असायची गरज नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकापर्यंत आले होते, परीक्षेच्या रात्री जागे राहिले होते, असे काहीही. ती गोष्ट डोळ्यांपुढे आली की उद्देश तयार झाला. नुसते नाव घेण्यात आणि ही आठवण धरून नाव घेण्यात जो फरक आहे तो पहिल्याच दिवशी कळतो.

आता 'माझ्याकडे काय उरते'. धम्मपदाच्या अट्ठकथेत अन्नभार नावाच्या एका गरीब माणसाची गोष्ट आहे. त्याने आपल्या वाट्याचे जेवण उपरिट्ठ नावाच्या पच्चेकबुद्धांना, म्हणजे स्वतःच्या बळावर बोधी मिळवलेल्या एकाकी बुद्धांना, दिले. सुमन श्रेष्ठीच्या घरच्या देवतेने या दानाला साधुकार दिला, आणि रोज मोठमोठी दाने देणारा सुमन थक्क झाला. त्याने अन्नभाराला पैसे देऊ केले आणि पुण्यात वाटा मागितला. अन्नभाराला प्रश्न पडला, वाटा द्यावा की न द्यावा? तो पच्चेकबुद्धांकडे गेला. त्यांनी त्यालाच उलट विचारले, गावात एका घरी दिवा लागला आणि शेजाऱ्यांनी आपापल्या वाती आणून त्यावरून दिवे लावून नेले, तर पहिल्या दिव्याचा उजेड जातो का? जात नाही, उलट गावभर उजेड वाढतो. पुण्याचेही तसेच. अन्नभाराने मग वाटा दिला आणि पैसे नाकारले. हे विकत नाही, श्रद्धेने देतो, असे तो म्हणाला.

म्हणजे वाटल्याने तुमचे काही कमी होत नाही, कारण वाटण्याची चेतना हीच एक नवीन कुशल चेतना आहे. बुद्धांच्या मते चेतना म्हणजेच कर्म. ध्यान हे एक कर्म झाले, ते वाटणे हे दुसरे. कमी होईल या भीतीने वाटणे टाळले तर ती भीती म्हणजे मच्छरिय, म्हणजे कंजूषपणा, आणि तोच तेवढा तोट्याचा भाग आहे.

पैसे नाकारण्याचा तपशीलही लक्षात ठेवा. पुण्यानुमोदन बिघडते ते बहुधा इथेच. 'हे पुण्य मी वाटतो, त्याबदल्यात मुलाचे काम होऊ दे' असे मनात आले की दान संपले आणि व्यवहार सुरू झाला. इच्छा करणे चूक नाही. परंपरेत तिला वेगळी जागा आहे आणि तिला पत्थना म्हणतात. वर दिलेली तिसरी ओळ पत्थनाच आहे, 'इमिना पुञ्ञकम्मेन मा मे बालसमागमो, सतं समागमो होतु याव निब्बानपत्तिया' हीसुद्धा पत्थना आहे. या पुण्यकर्माने निब्बाण मिळेपर्यंत मूर्खांची संगत न घडो, सज्जनांची घडो, असा तिचा अर्थ. या इच्छा कशा आहेत ते पाहा. त्या मनाला एका दिशेला वळवतात, कुणाकडून काही वसूल करत नाहीत. मुलाच्या कामाची काळजी असेल तर वाटून झाल्यावर मुलाकडे मेत्तेने पाहा, 'तो सुखी होवो' म्हणा आणि तिथेच सोडून द्या.

मन जागेवर नव्हते त्या दिवशी काय वाटायचे, हा तुमचा शेवटचा प्रश्न मला फार आवडला. लोक बहुतेकदा त्या दिवशी पुण्यानुमोदन गाळतात, कारण आज काही जमलेच नाही असे त्यांना वाटते. पण हिशेब नीट करा. तुम्ही उठून बसलात, बुद्ध, धम्म, संघ यांना शरण गेलात, पाच शिले घेतलीत, वंदना म्हटलीत. वीस मिनिटांत मन पन्नास वेळा भरकटले असेल, पण जितक्या वेळा ते श्वासावर परत आणले तितका प्रयत्न खर्ची पडला. बुद्धांनी पुण्यक्रिया तीन सांगितल्या, दान, शील आणि भावना. त्यांतले शील त्या दिवशी पूर्ण होते आणि भावनेचा प्रयत्न झाला होता. जे झाले तेवढे वाटायचे. फुगवून सांगायचे नाही, नाकारायचेही नाही. उलट अशा दिवशी वाटून घेतले तर बैठकीचा शेवट स्वतःवरच्या चिडीवर होत नाही.

हे सगळे एका सकाळीत कसे बसते ते सांगतो. श्वासावरची वेळ संपली की डोळे लगेच उघडू नका. पाच-सहा श्वास तसेच बसा आणि मनात एकदा मोजा: शरण गेलो, शील घेतले, वंदना केली, ध्यानाला बसलो. एवढ्याने मन थोडे प्रसन्न होते, आणि ती प्रसन्नता येईपर्यंत थांबायचे, कारण वाटायचे आहे ते तेच. मग हात जोडा. वडिलांची ती एक आठवण आणा. मराठीत म्हणा, 'माझे वडील अमुक, आणि ज्यांची नावेही मला माहीत नाहीत असे माझे सर्व दिवंगत आप्त, यांना उद्देशून'. मग 'इदं मे ञातीनं होतु' तीनदा. प्रत्येक वेळेनंतर एक श्वास थांबा. सामूहिक वंदना घेताना मी पाहतो की पहिली खेप सावकाश जाते, दुसरी वेग धरते आणि तिसऱ्या खेपेला अर्धे लोक 'ञातयो' तोंडातच ठेवून आसन आवरू लागलेले असतात. एक श्वासाचा थांबा त्यावर पुरेसा उपाय आहे. त्यानंतर 'एत्तावता' तिन्ही रूपांत, मग 'इदं मे पुञ्ञं' आणि शेवटी साधुकार. इथे डोळे उघडा.

उच्चाराबद्दल थोडे. 'ञातीनं' यात 'ती' दीर्घ आहे आणि सुरुवातीचा ञ स्पष्ट, त्याचा 'ज्ञा' करू नका. 'पुञ्ञं' हे 'पुण्यं' नव्हे. शेवटचा अनुस्वार ओठ मिटून 'म्' असा न म्हणता नाकातून सोडतात, पण तुमच्या गटात 'म्' म्हणत असतील तर त्यावरून वाद घालू नका. घरातले सगळे मिळून म्हणत असाल तर 'मे'ऐवजी 'नो' म्हणजे 'आमचे' म्हणता येते. सुत्ताच्या मूळ पाठात 'इदं वो ञातीनं' असे आहे. पुस्तकात तसे दिसले तर छपाईची चूक समजू नका, मात्र स्वतः वाटताना 'मे' किंवा 'नो' म्हणा.

प्रेतलोक वगैरे मनाला पटत नाही असे म्हणणारे साधकही भेटतात. त्यांना मी एवढेच म्हणतो की पटल्याचे सोंग करू नका. 'इदं मे ञातीनं' कृतज्ञतेने म्हणा आणि सर्व सत्त्वांची गाथा मनापासून म्हणा. 'हे माझे' ही पकड त्या क्षणी सैल होते का, हे तर प्रत्येकाला स्वतः तपासता येते.

महायान परंपरेत याच कृतीला परिणामना म्हणतात आणि तिचा रोख आणखी पुढे जातो: पुण्य कुणा एकाला नव्हे, सर्व सत्त्वांच्या बोधीकडे वळवायचे. शांतिदेवांच्या बोधिचर्यावताराचा दहावा, शेवटचा परिच्छेद सबंध परिणामनेचाच आहे. चिनी परंपरेत वंदनेच्या शेवटी सद्धर्मपुंडरीक सूत्रातली एक गाथा म्हणतात, तिचा आशय असा: हे पुण्य सर्वत्र पोहोचो, आम्ही आणि सर्व प्राणी मिळून बुद्धत्व मिळवू. तुमची साधना थेरवादी पद्धतीची आहे, तेव्हा रोज वरचा क्रमच ठेवा. दोन परंपरांच्या ओळी एकत्र करून शेवट लांबवत नेला की लक्ष शब्दांच्या यादीत जाते.

जिवंत माणसांचे राहिले. तुमच्या आईंना किंवा भावंडांना या पुण्यात सहभागी करायचे असेल तर मनातल्या मनात ओळ म्हणून भागत नाही, कारण अनुमोदन त्यांना करायचे आहे आणि त्यासाठी त्यांना कळायला हवे. साधना संपली की आईंना जाऊन सांगा, 'आई, आज वंदना केली, ध्यानाला बसलो, बाबांच्या नावाने पुण्य वाटले, त्यात तुझाही वाटा आहे.' त्या 'साधु' म्हणाल्या, किंवा नुसते 'बरं केलंस' म्हणाल्या आणि मनातून त्यांना बरे वाटले, तर अनुमोदन झाले. स्मृतिदिनी दान देणार असाल तर त्यांना आधी विचारा, त्यांच्याच हाताने द्यायला लावा आणि 'इदं नो ञातीनं होतु' दोघांनी मिळून म्हणा.